साइटची तपासणी रेझ्युमेत कशी लिहावी?

मडगावच्या इस्पितळात तीन वर्षे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. औषध नियामकाची तपासणी झाली, ती रेझ्युमेत कशी लिहू?

तपासणी वेगळ्या मथळ्याखाली न टाकता ज्या ट्रायलची ती झाली त्याच नोंदीत, टप्पा आणि आजार यांच्यामागोमाग, स्वतःच्या कामासह लिहावी. उदाहरणार्थ: “तिसरा टप्पा, मधुमेह, १८ रुग्ण, सीडीएससीओ तपासणीपूर्वी सर्व संमतीपत्रांच्या आवृत्त्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्रांशी ताडून पाहिल्या, एका रुग्णाची जुन्या आवृत्तीवर सही आढळताच प्रोटोकॉल डेव्हिएशन नोंदवून कमिटीला कळवले आणि नव्या आवृत्तीवर पुन्हा संमती घेतली.” पणजीत साइटसाठी समन्वयक निवडताना मी असे अर्ज वाचते, आणि नुसत्या “जीसीपीचे पालन केले” या वाक्यावरून उमेदवाराने साइट मास्टर फाइल स्वतः सांभाळली की नाही हे कळत नाही, चूक सापडल्यावर काय केले, यावरून मात्र कळते. गंभीर प्रतिकूल घटना हाताळली असेल, तर २०१९ च्या नियमांनुसार अन्वेषकाचा अहवाल २४ तासांत गेला, हेही लिहावे. मात्र प्रायोजकाचे ऑडिट किंवा मॉनिटरची भेट यांना नियामकाची तपासणी म्हणू नये, मुलाखतीत हा फरक हमखास विचारला जातो. तसेच गोपनीयतेच्या करारामुळे प्रोटोकॉल क्रमांक आणि अप्रकाशित औषधाचे नाव गाळावे.