बदामाची राणी कुणाकडे? मेंढीकोटातली मोजणी

पंचवटी एक्सप्रेसमधल्या मेंढीकोटात पत्ते भराभर पडतात; बावन्न लक्षात ठेवायला जाऊ नकोस. सुरुवातीला एकच रंग धर, आणि त्यातले बाहेर राहिलेले तेवढेच मोज.

समज, हुकूम इस्पिक आहे. तुझ्याकडे बदामाचे एक्का, गुलाम, सत्ती, तिर्री. म्हणजे बाहेर नऊ. डावीकडच्याने बदाम छक्कीची उतारी केली, भिडूने नव्वी टाकली, उजवीकडच्याने राजा, तू एक्क्याने हात घेतलास. बाहेर उरले सहा: राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी, चौकी, दुर्री. नव्वी मारायला राणी पुरली असती, तरी राजा पडला. म्हणजे राणी बहुधा उजवीकडे नाही. मुरलेला गडी मुद्दाम उलटं करतो, म्हणून 'बहुधा'.

आता तिर्री खेळ. डावीकडच्याने किलवर टाकलं, तर त्याचे बदाम संपले आणि राणी बहुधा भिडूकडेच. नवखे इथे फक्त 'हुकूम मारला नाही' एवढंच बघतात, रंग संपल्याची नोंदच घेत नाहीत.

भिडूच्या राणीने हात आला, उजवीकडून पंजी पडली, की बाहेर सगळ्यात मोठी दश्शी. तुझा गुलाम आता सर. भिडूने बदाम परत आणला आणि उजवीकडे एकटी दश्शी असेल, तर मेंढी तुमची. मात्र डावीकडचा बदाम कापू शकतो. मघाशी त्या हातात मेंढी दिसली नाही म्हणून त्याने हुकूम राखलाही असेल; त्यामुळे पडलेले इस्पिक आधी मोज.