गोळी चालू असूनही मॅग्नेशियम का वाढत नाही

प्रश्न: आई ६८ वर्षांची. ६ वर्षं रोज पॅन्टोप्राझोल ४०. पिंढऱ्यांत गोळे, बोटांना मुंग्या. रक्तात मॅग्नेशियम १.१, कॅल्शियम ७.८, पोटॅशियम ३.२, क्रिएटिनिन ०.९. लघवीत मॅग्नेशियम १.०, क्रिएटिनिन ८०. महिनाभर मॅग्नेशियमची गोळी देऊनही फरक नाही. किडनीतून जातंय का? सलाइन लागेल?

उत्तर: आधी आजच ईसीजी काढून घ्या आणि हे सगळे आकडे डॉक्टरांना दाखवा. मुंग्या, गोळे आणि सोबत घसरलेलं कॅल्शियम-पोटॅशियम असताना १.१ वर वाट पाहू नये.

किडनीतून जात नाहीये. किडनी गाळलेल्या मॅग्नेशियमपैकी साधारण ९५ टक्के परत घेते, त्यातलं बहुतेक किडनीतल्या नळीच्या हेन्लेचा लूप नावाच्या वळणात, आणि शेवटचं कमी-जास्त पुढच्या नळीत ठरतं. आईंचा हिशेब असा: लघवीतलं मॅग्नेशियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे ०.९. त्याला रक्तातलं मॅग्नेशियम, लघवीतलं क्रिएटिनिन आणि ०.७ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ६१.६ ने भागा. (०.७ अशासाठी, की बाकीचं मॅग्नेशियम प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि गाळलं जात नाही.) उत्तर येतं सुमारे १.५ टक्के, म्हणजे गाळलेल्यातलं एवढंच लघवीतून जातंय. कमतरता असताना हा आकडा २ च्या खाली असला तर किडनी काटकसर करतेय. ४ च्या वर गेला तर गळती. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने गळती होते.

म्हणजे खोट आतड्यात आहे. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची औषधं आतड्यातलं मॅग्नेशियमचं शोषणच मंदावतात, म्हणून वरून गोळी दिली तरी ती पुरत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये हा इशारा दिला, तेव्हा तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांचं मॅग्नेशियम पॅन्टोप्राझोलच्या जातीचं औषध थांबवल्यावरच सावरलं. थांबवल्यावर साधारण आठवड्यात आकडा वर येतो. पुन्हा सुरू केलं तर दोनेक आठवड्यांत परत पडू शकतो. फॅमोटिडीन या ॲसिडिटीच्या दुसऱ्या जातीच्या गोळीने असं होत नाही, म्हणून बहुतेकदा तिकडे वळतात. मात्र अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल किंवा ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर पॅन्टोप्राझोल स्वतःहून बंद करू नका.

कॅल्शियम-पोटॅशियम वेगळं भरून टिकणार नाही. मॅग्नेशियम कमी असलं की किडनी पोटॅशियम सोडते आणि पॅराथायरॉइड ग्रंथी आळसावते.

ईसीजीत क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ, लांबलेला असेल, ठोके अनियमित असतील किंवा झटके येत असतील, तर मॅग्नेशियम सल्फेट रुग्णालयातच शिरेतून द्यावं लागतं. तातडी नसेल तर ते कित्येक तासांत सावकाश सोडतात. कारण किडनी रक्तातली पातळी पाहते, शरीरातला साठा नाही. पातळी झटकन वर गेली की दिलेल्यातलं निम्मंसुद्धा लघवीतून निघून जातं.

०.९ क्रिएटिनिनवर आईंचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, ७० च्या आसपास येतो, त्यामुळे नेहमीचा डोस चालतो. ईजीएफआर ३० च्या खाली असता तर तेच मॅग्नेशियम साठत गेलं असतं. म्हणून सलाइन चालू असताना गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का ते पाहतात. उडेनासा झाला की सलाइन बंद करायचं.