आधी परिच्छेद, मग विरामचिन्हे

बोलून टिपलेला मजकूर हाती आला की लगेच स्वल्पविराम देऊ नका. प्रथम विषय बदलतो तिथे ओळ तोडा आणि मध्येच आठवून सांगितलेला भाग त्याच्या मूळ विषयाखाली आणा. निपाणीकडच्या एका टिपणात मला ‘उसाला खत टाकलं नाही पाणी दिलं’ असे आढळले. ‘खत टाकलं नाही, पाणी दिलं’ आणि ‘खत टाकलं, नाही पाणी दिलं’ यांचे अर्थ अगदी उलट होतात, म्हणून अशा जागी मूळ आवाज ऐकून बोलणारा नेमका कुठे थांबला ते पाहावेच लागते. इथे तो ‘नाही’नंतर थांबला होता. मग ‘ऊस: खत व पाणी’ हे शीर्षक दिले आणि सारांशाची ओळ शेवटी लिहिली: ‘पाणी दिले, खत टाकले नाही.’ तिथे ‘खत बाकी’ असे लिहू नका, कारण नंतर टाकणार असल्याचे बोलणाऱ्याने म्हटलेले नाही.