नातेसंबंधांचे प्रश्न: आकृती नसताना नुसत्या विधानांवरून उत्तर

«नातेसंबंधांच्या प्रकरणाची पीडीएफ मिळाली, पण आकृत्या उमटलेल्याच नाहीत. खाली नुसतं "आकृतीवरून स्पष्ट आहे, उत्तर २". फोटोकडे बोट दाखवण्याचे प्रश्न कसेबसे सुटतात, पण तीन-चार विधानांच्या प्रश्नांत माझं उत्तर आणि त्यांचं उत्तर जुळत नाही. मूळ आकृती परत कशी मिळवायची?»

मूळ आकृतीच्या मागे लागू नका. तुम्हाला ती हवी आहे म्हणजे त्यांच्या उत्तराला टेकू हवा आहे, आणि खोट नेमकी तिथेच असू शकते. "आकृतीवरून स्पष्ट आहे" हे वाक्य मला चांगलंच महागात पडलंय. ते खाली सांगतो.

पुरुषाला अधिक, स्त्रीला वजा, जोडप्याला दुहेरी रेघ, पिढीला उभी रेघ वगैरे तुम्हाला येत असणार, त्यात जात नाही.

बोट दाखवण्याचा प्रकार आधी उरकतो, कारण त्याला आकृती फारशी लागतच नाही. ती एक सरळ साखळी असते. समजा वाक्य असं आहे: फोटोतल्या पुरुषाकडे बोट दाखवून एक स्त्री म्हणाली, "याच्या आईचा एकच भाऊ हा माझ्या वडिलांच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे." बहुतेक जण "याच्या आईचा" पासून सुरुवात करतात आणि अडकतात, कारण "हा" कोण हेच तर शोधायचंय. "माझ्या" या टोकापासून धरा. माझ्या वडिलांचे वडील म्हणजे आजोबा, त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील. उजवी बाजू संपली. आता वाक्य एवढंच उरतं: याच्या आईचा भाऊ म्हणजे माझे वडील. म्हणजे याची आई माझी आत्या, आणि हा माझा आतेभाऊ.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, "एकुलता एक मुलगा" म्हणजे एकुलतं एक अपत्य असं धरलंत तर वडिलांना बहीण उरत नाही आणि प्रश्नच कोसळतो. परीक्षेत त्याचा अर्थ एवढाच, की मुलगा एक, मुली कितीही. दुसरं, पर्यायांत आतेभाऊ आणि मामेबहीण दोन्ही असतात. तो तिचा आतेभाऊ, ती त्याची मामेबहीण. कोणाचं कोणाशी नातं विचारलंय ते शेवटच्या ओळीत पुन्हा वाचा. तुमच्या पीडीएफमध्ये पहिली ओळ कापली गेली असेल आणि नुसतं अवतरण उरलं असेल, तर बोलणारी स्त्री आहे की पुरुष हे कळणार नाही. तरीही "फोटोतला पुरुष कोण" याचं उत्तर आतेभाऊच राहतं. उलट बाजूनं विचारलं असेल तरच तुम्ही अडकता. म्हणजे हरवलेल्या माहितीपैकी उत्तराला कोणती लागते हे आधी बघायचं.

आता खरा त्रास. मी ज्या प्रश्नावर हरकत घेतली होती तो इथे देत नाही, पण त्याच ठेवणीचा एक देतो:

एका कुटुंबात प, फ, ब, भ, म, य असे सहा जण आहेत. तीन पिढ्या, दोन जोडपी, तीन पुरुष, तीन स्त्रिया.
१) फ हा प चा मुलगा आहे.
२) म ही ब ची सून आहे.
३) भ हे फ चे अपत्य असून य हा भ चा भाऊ आहे.
प्रश्न: प चे म शी नाते काय? पर्याय: १) सासरे २) सासू ३) आजेसासू ४) ठरवता येत नाही.

उत्तरतालिका म्हणते सासू. त्यांच्या डोक्यातली आकृती अशी असणार: वर प आणि ब जोडपं, खाली फ आणि म जोडपं, त्याखाली भ आणि य. छान दिसते, सहाही जण बसतात, तीन पिढ्या होतात.

तुम्ही मात्र आकृती न काढता आधी एक तक्ता करा. सहा नावं, आणि प्रत्येकापुढे फक्त विधानानं दिलेलं लिंग. फ पुरुष, म स्त्री, य पुरुष. प, ब आणि भ यांच्यापुढे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह प्रत्यक्ष लिहायचं, जागा मोकळी सोडायची नाही, कारण मोकळी जागा आपण नकळत भरतो. विधान तीन वाचताना विशेष जपा: "य हा भ चा भाऊ" मधला "चा" भाऊ या शब्दाशी जुळलाय, भ शी नाही. भ मुलगा की मुलगी, याबद्दल ते वाक्य अवाक्षर काढत नाही.

मग सगळ्यात सैल विधान धरा. इथे ते दुसरं आहे. म ही ब ची सून, म्हणजे म चा नवरा ब चा मुलगा. पण नवरा कोण हे दिलेलं नाही. सहा जणांत पुरुष असू शकणारा प्रत्येक जण त्या जागी बसवून बघा.

नवरा फ असेल तर ब फ चा पालक, आणि प सुद्धा फ चा पालक, म्हणजे प आणि ब जोडपं. ही उत्तरतालिकेची आकृती. पण त्यातही प बाई की बुवा? पुरुष-स्त्रियांच्या संख्येतून काही निघतं का बघा. फ आणि य पुरुष, प-ब मधला एक पुरुष, झाले तीन. म्हणजे भ मुलगी ठरते. पण प आणि ब मध्ये नवरा कोण हे ठरत नाही. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या आकृतीतसुद्धा "सासू" सिद्ध होत नाही. कुणीतरी प पुढे वजा चिन्ह काढलं आणि नंतर ते चिन्हच पुरावा म्हणून वाचलं.

नवरा य असेल तर ब य ची आई, आणि फ य चा बाप (य आणि भ भावंडं आहेत), म्हणजे फ-ब जोडपं, य-म दुसरं जोडपं, वर एकटा किंवा एकटी प. तीन पिढ्या, दोन जोडपी, सगळं जुळतं. इथे प आणि भ यांच्यापैकी एक पुरुष, एक स्त्री. म्हणजे प म ची आजेसासू किंवा आजेसासरे.

नवरा भ असेल तर तसंच, पण आता फ, य, भ हे तीन पुरुष झाले, त्यामुळे प स्त्रीच. आजेसासू.

नवरा प असेल तर ब प च्या वर जाते आणि चार पिढ्या होतात. बाद.

म्हणजे तीन मांडण्या सगळ्या विधानांना पटतात आणि त्यांतून सासू, सासरे, आजेसासू, आजेसासरे अशी चारही नाती निघतात. उत्तर ४. "भ आणि य अविवाहित आहेत" एवढी एक ओळ असती तर फक्त पहिली मांडणी उरली असती, आणि "प ही य ची आजी" अशी आणखी एक असती तर सासू बरोबर ठरली असती. तुमचं उत्तर जुळत नाही तेव्हा हे तपासा: त्यांच्या उत्तरासाठी कोणती ओळ जास्तीची लागली असती? ती छापील प्रश्नात कुठे असेल तर तुमच्या वाचनातून निसटली. नसेल तर ती त्यांच्या आकृतीतून आली.

"ठरवता येत नाही" हे सिद्ध करायला दोनच मांडण्या पुरतात, उत्तरं वेगळी देणाऱ्या. नेमकं नातं सिद्ध करायला मात्र उरलेल्या सगळ्या बाद कराव्या लागतात. म्हणून मी पहिली मांडणी बसली की थांबत नाही, ती मोडायला बघतो.

आता माझी हरकत. मी वरच्यासारख्या दोन मांडण्या शब्दांत लिहून, प्रत्येक विधान कुठे पाळलं गेलं ते दाखवून पाठवलं. नाव घेत नाही, पण त्या कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं होतं: तज्ज्ञांनी आकृती तपासली, उत्तर कायम. मी आकृती मागितली. म्हणे ती अभिलेखात नाही. अहो, मग तपासली काय? पुन्हा लिहिलं तर "हरकतीची मुदत संपली". त्या एका प्रश्नाचा गुण कटऑफच्या अलीकडे-पलीकडे होता. राग प्रश्न चुकीचा असण्याचा नाही, चुका होतात. राग याचा आहे, की मी विधानं दाखवतोय आणि समोरचा मला नसलेलं चित्र दाखवतोय. असो.

हरकत घ्यायची वेळ आलीच तर "उत्तर चुकीचे आहे" असं लिहू नका, "ही दुसरी मांडणी कोणते विधान मोडते ते सांगावे" असं विचारा. निकाल बदलेल याची हमी देत नाही, माझा बदलला नव्हता. पण निदान उत्तर देणाऱ्याला विधानांकडे यावं लागतं.

एक खुलासा. म विधवा असून नवरा यादीबाहेरचा, सावत्र भावंडं, नात्यात झालेलं लग्न असे फाटे मी वर धरले नाहीत. या प्रश्नांत सहसा यादीबाहेरचा माणूस घुसवत नाहीत. ते सगळं धरलं तर जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "ठरवता येत नाही" होईल आणि तुम्ही तिथे वाहवत जाल. काही जण या संकेतावर वाद घालतात, घालू देत.

तुमच्या संचापुरतं सांगायचं तर उत्तर "ठरवता येत नाही" असलेले प्रश्न आधी काढा. तिथे आकृती उमटली असती तरी एकीनं भागलं नसतं, त्यामुळे काही हरवलंय असं वाटणारही नाही. त्यानंतर पुरुष-स्त्रियांची संख्या दिलेले प्रश्न घ्या. आणि जे जुळत नाहीत त्यांतला एखादा पूर्ण विधानांसकट इथे टाका, पहिल्या ओळीसकट. ती ओळ गाळून प्रश्न टाकतात आणि मग आम्ही सगळे अंदाज करत बसतो.