नाशिकमध्ये एकाच भागात सारख्याच ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटना घरपट्टी वेगवेगळी का येते?

बहुधा दोन्हींची नोंद वेगवेगळ्या वर्षी झालीय. नाशिक महापालिका घराची बाजारातली किंमत बघत नाही, तर ते भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरते. त्यासाठी बांधकामाचा प्रकार आणि वापर बघून चौरस फुटाला महिन्याचा दर लावतात.

समजा दर १ रुपया आहे. ६०० चौरस फुटांचं वर्षाचं भाडं ७,२०० रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, म्हणजे ६,४८० उरले. हे तुमचं करयोग्य मूल्य, आणि सगळे कर याच्या टक्केवारीत. शेजाऱ्याला दर २ रुपये लागला असेल तर त्याचं बिल थेट दुप्पट! (आकडे फक्त समजण्यापुरते.) २०१८ साली दर वाढले ते नव्या मिळकतींना, जुन्यांना नाही. गोची तिथेच आहे.

मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्य, म्हणजे रेडीरेकनर या सरकारी दरपत्रकावर आधारलेली किंमत धरतात. कारण भाडेनियंत्रणामुळे तिथली जुनी भाडी गोठलेली होती आणि दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या घरालाही किरकोळ कर बसायचा. पण त्या पद्धतीत जमिनीचा भाव चढला की राहत्या घराचाही कर चढतो, हातात एक रुपया जास्त न येता.

दोन्ही बिलांवरचं क्षेत्रफळ, वापर आणि करयोग्य मूल्य शेजारी ठेवून बघा. राहत्या घराला ‘बिगरनिवासी’ लागलेलं मी स्वतः पाहिलंय. तसं असेल तर नोटिशीतल्या मुदतीतच लेखी हरकत द्या.