रविवारची नोंद दिसली की काय बघायचं?

नवीन आहात म्हणून एकच सांगतो: कर्जाच्या फाइलमधल्या स्टेटमेंटवर रविवारची तारीख दिसली की लगेच बनावट म्हणू नका. यूपीआय, आयएमपीएस तर चालतंच. एनईएफटीही डिसेंबर 2019 पासून रोज चालतं. सगळे इथेच फसतात.

तारखेशेजारचा तपशील वाचा. 10 ऑगस्ट 2024 ला ‘सीएलजी’, म्हणजे क्लिअरिंगमधून चेक जमा? तो दुसरा शनिवार, क्लिअरिंग बंद. इथे थांबाच.

रोख भरणा असेल तर मशीनमधला की काउंटरवरचा ते बघा. काही सहकारी बँका रविवारी उघड्या असतात, शाखेची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या.

तरी शंका उरली तर अर्जदाराकडून नवी प्रत मागू नका, थेट बँकेकडून पडताळणी करा.