केस वाचण्यातच वेळ जातो? आधी तुमची खुर्ची शोधा

प्रश्न: सीए फायनलच्या पेपर ६ मध्ये एकेक केस वाचण्यातच माझी २५ मिनिटं जातात आणि लिहायला वेळ उरत नाही. लांब केस लवकर कशी वाचायची? स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का?

उत्तर:

कोर्स लावू नका. डोळे भरभर फिरवून हा पेपर सुटत नाही. मे २०२४ मध्ये मी याच पेपरला ३७ मार्क घेऊन दुसरा ग्रुप घालवला, तेव्हा माझं वाचन चांगलं वेगवान होतं. सगळ्यात आधी केस वाचून झाली होती ती बहुधा माझीच.

निकाल लागल्यावर ऑफिसातले सिनियर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ओपन बुक पेपरला कोणी नापास होतं का? अभ्यास कमी पडला तुझा." हेच सर आम्हाला आधी सांगायचे की वाचताना जे महत्त्वाचं वाटेल त्याखाली रेघ मारत जा. मी तसंच केलं होतं. तिन्ही पानं रेघांनी भरली होती आणि शेवटच्या ओळीवर पोचले तेव्हा त्यातली कोणती रेघ कशासाठी मारली होती, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून परत पहिल्यापासून वाचलं. तुमची २५ मिनिटंही अशीच जात असणार. तुम्ही केस हळू वाचत नाही, दोनदा वाचता.

पुढे उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवली. १५ मार्कांच्या वर्णनात्मक भागात मला ३ मिळाले होते. आकडेमोड बरोबर होती, जर्नल एंट्रीही बरोबर. पण प्रश्न विचारला होता कंपनीच्या स्टॅट्युटरी ऑडिटरला आणि मी उत्तर दिलं होतं कंपनीच्या अकाउंटंटच्या खुर्चीत बसून. रिपोर्टवर काय परिणाम होईल, याबद्दल माझ्या अडीच पानांत एक वाक्य नव्हतं.

परीक्षेतली केस इथे देत नाही. आता ऑफिसातल्या आर्टिकल मुलांसाठी मी त्याच वळणाची एक बनवली आहे, तिच्यावर दाखवते.

चाकणची एक लिस्टेड कंपनी, वाहनांचे सुटे भाग बनवते. पहिलं पान संस्थापक, पुरस्कार आणि नव्या मशीनचं. मग एका पुरवठादाराकडून १८ लाखांचं कास्टिंग घेतलं. तो उद्यम नोंदणी असलेला लघु उत्पादक आहे, माल १० फेब्रुवारी २०२४ ला स्वीकारला, लेखी करार ६० दिवसांचा, पैसे दिले ५ एप्रिलला. दुसऱ्या पुरवठादाराचे ३० लाख वर्षअखेरीस बाकी आहेत. तो मध्यम उद्योग. एका ग्राहकाकडून ४० लाख येणं आहे, तो नोव्हेंबरपासून पैसे देत नाहीये, २० एप्रिलला त्याच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि वसुलीची काही आशा नाही. ६ मे रोजी गोदामाला आग लागून विम्याशिवायचा २२ लाखांचा माल जळाला. हिशेब संचालक मंडळाने २५ मे रोजी मंजूर करायचे आहेत. बँकेची अट आहे की ३१ मार्चला करंट रेशो १.२५ च्या खाली जाता कामा नये. पुस्तकात चालू मालमत्ता ५ कोटी २० लाख आणि चालू देणी ४ कोटी. सीएफओचं म्हणणं, ग्राहक एप्रिलमध्ये बुडाला, तेव्हा तोटा पुढच्या वर्षाचा.

आता ही केस मी कशी वाचते ते सांगते.

केसला हात लावायच्या आधी मी शेवटच्या पानावर जाते आणि वर्णनात्मक प्रश्नाचं फक्त क्रियापद आणि भूमिका बघते. इथे प्रश्न असा आहे: स्टॅट्युटरी ऑडिटर म्हणून सीएफओच्या म्हणण्याचं मूल्यमापन करा आणि मॅनेजमेंटने ऐकलं नाही तर रिपोर्टवर काय परिणाम होईल ते लिहा. 'ऑडिटर', 'इव्हॅल्युएट' आणि 'रिपोर्ट' या तीन शब्दांखाली दुहेरी रेघ. कम्प्यूट म्हटलं असतं तर आकडा हवा होता, अ‍ॅडव्हाइज म्हटलं असतं तर कंपनीच्या बाजूने मार्ग काढून द्यायचा होता. इथे दोन्ही नाही. एमसीक्यूंचे नुसते प्रश्न वाचते, पर्याय मुद्दाम वाचत नाही. पर्याय आधी वाचले की डोकं केसमध्ये ते आकडे शोधत बसतं, आणि चुकीचे आकडेही केसमध्ये असतातच. याला फार तर दोन मिनिटं जातात.

मग केस एकदाच वाचायची, हातात पेन्सिल. तारीख आणि रक्कम आली की गोल. अट आली की चौकोन. अट ओळखायची खूण म्हणजे 'हाऊएव्हर', 'अनलेस', 'अ‍ॅज पर द अ‍ॅग्रीमेंट' असले शब्द आणि माणसाला किंवा कंपनीला लावलेलं विशेषण: लिस्टेड, लघु, मध्यम, विम्याशिवायचा. विशेषणं आपण गिळून टाकतो, आणि कलम लागू होतं की नाही हे बहुतेक वेळा त्यांच्यावरच ठरतं. बाकी कशालाही खूण नाही. संस्थापकाच्या पहिल्या पानावर माझी एकही खूण नसते.

यापुढचं काम कोणी शिकवत नाही आणि मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. वाचतानाच रफ पानावर एक आडवी रेघ काढायची आणि गोल केलेली प्रत्येक तारीख तिच्यावर मांडायची. ३१ मार्चची उभी रेघ जाड काढायची. या केसमध्ये रेघेवर येतं: १० फेब्रुवारी माल, ५ एप्रिल पैसे, २० एप्रिल ग्राहक, ६ मे आग, २५ मे मंजुरी. केसमध्ये न दिलेली एक तारीख आपण स्वतः टाकायची. लघु उद्योगाशी करार कितीही दिवसांचा असो, मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, म्हणजे १० फेब्रुवारीपासून २६ मार्च. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते, हे विसरलं की तारीख एका दिवसाने चुकते.

आता रेघेकडे नुसतं बघा. २६ मार्च जाड रेघेच्या अलीकडे, पैसे पलीकडे. म्हणजे ४३बी(एच) खाली १८ लाख २०२३-२४ मध्ये वजावटीला मिळणार नाहीत, पैसे दिले त्या पुढच्या वर्षात मिळतील. हेच पैसे ३० मार्चला दिले असते तर उशीर झाला असता, व्याजही लागलं असतं, पण खर्च त्याच वर्षी मिळाला असता. हा फरक कलम वाचून पटकन कळत नाही, रेघेवर लगेच दिसतो. किती रक्कम वजावटीला मिळणार नाही, या एमसीक्यूचे पर्याय असतील शून्य, १८, ३० आणि ४८ लाख. ६० दिवसांच्या कराराला भुललात तर मुदत १० एप्रिलपर्यंत जाते आणि तुम्ही शून्यावर खूण करता. रिटर्न भरायच्या आत पैसे दिले की चालतं, असं धरलंत तरी शून्यच. ती सवलत या खंडाला नाही. 'मध्यम' हे विशेषण गिळलंत तर ४८. म्हणजे प्रत्येक चुकीचा पर्याय एका चुकीच्या वाचनाला लावून ठेवलेला असतो.

ग्राहक आणि आग दोन्ही जाड रेघेच्या उजवीकडे आणि २५ मेच्या डावीकडे आहेत, म्हणजे इंड एएस १० चा प्रश्न. मग फरक कशाने पडतो? ग्राहक नोव्हेंबरपासून पैसे देत नव्हता. नोव्हेंबरची ही खूण जाड रेघेच्या डावीकडे येते. ३१ मार्चला येणं बुडीतच होतं, २० एप्रिलने ते फक्त पक्कं केलं. हिशेबात आत्ताच घ्यावं लागेल. आगीची डावीकडे कोणतीही खूण नाही, ती मेमध्येच उगवली. म्हणून आकडा बदलायचा नाही. रक्कम महत्त्वाची असेल तर टिपेत उघड करायचं.

आणि आता बँकेचा चौकोन. ४० लाख काढले की ४.८० भागिले ४, म्हणजे १.२०. अट मोडली. सीएफओ तोटा पुढे का ढकलतोय ते इथे कळतं. अटीला सुरुवातीलाच चौकोन केला असेल तर उत्तरात 'मॅनेजमेंटच्या पूर्वग्रहाचा धोका' हे वाक्य आपोआप येतं. परीक्षेत मी असाच आकडा काढून तिथेच थांबले होते. ऑडिटरला पुढे लिहायचं असतं: येणं कमी करायला सांगणार, ऐकलं नाही तर चूक मटेरियल आहे का आणि ती संपूर्ण हिशेबभर पसरलेली आहे का हे तपासून एसए ७०५ प्रमाणे क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स ओपिनियन. दुहेरी रेघ मारलेले शब्द समोर असते तर मी ते लिहिलं असतं. एसए ७०५ चं पुस्तक शेजारीच टॅग लावून ठेवलेलं होतं.

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. चार तासांत पाचपैकी चार केस, म्हणजे एकीला साठ मिनिटं धरा. पाचही केस पूर्ण वाचून चार निवडायचा मोह टाळा. पाचांचे नुसते प्रश्न वाचून निवड करा. आणि पुस्तक उघडायचं ते रेघ काढून झाल्यावर, नेमकी शंका हातात घेऊन. केस वाचता वाचता पुस्तक चाळणं हा वेळ घालवायचा दुसरा मोठा रस्ता.

तीन गोष्टी राहिल्या. प्रश्नपत्रिकेवर काय लिहिता येतं याच्या सूचना नीट वाचा आणि त्या पाळा. खुणांना मनाई असेल तर गोल आणि चौकोनही रफ पानावर, परिच्छेदाचा क्रमांक टाकून. आणि वरचं ४३बी(एच) हे कलम जुन्या आयकर कायद्याचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा तुमच्या परीक्षेला कोणता कायदा लागू आहे ते बघून घ्या. शिवाय जिथे तारखा फारशा नसतात, म्हणजे ट्रान्सफर प्रायसिंग किंवा व्हॅल्युएशनची केस, तिथे या रेघेचा उपयोग कमी. तिथे कोण कोणाचा किती टक्के मालक आहे याची आकृती काढा.

नोव्हेंबरमध्ये मला याच पेपरला ६१ पडले. मधल्या पाच महिन्यांत मी नवीन एकही पुस्तक उघडलं नव्हतं, फक्त जुन्या केसेसवर रेघा काढत बसले होते. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते: मे महिन्यातही ४५ दिवसांचं कलम मला पाठ होतं.